बहात्तर मेळकर्ते: क्रमांकावरून स्वर आणि स्वरांवरून क्रमांक कसा काढायचा

कर्नाटक संगीताच्या कार्यक्रमात निवेदक सहज सांगून जातो, "हा एकोणतिसाव्या मेळाचा जन्य राग." ऐकणाऱ्यातले जाणकार मान हलवतात आणि आपल्याला वाटतं, बहात्तरची यादी पाठ असल्याशिवाय हे काही समजायचं नाही. प्रत्यक्षात यादी पाठ करावी लागत नाही. मेळ म्हणजे सात स्वरांचा ठरलेला संच, ज्यातून जन्य राग निघतात. असे बहात्तर मेळ एका हिशेबाने मांडले आहेत. तो हिशेब हातात आला की क्रमांकावरून स्वर काढता येतात आणि स्वरांवरून क्रमांक. पेटी वाजवणाऱ्या, निदान बारा स्वर ओळखणाऱ्या माणसाला हे एका बैठकीत जमतं. म्हणून पुढचं सगळं मी पेटीच्या पट्ट्यांवर सांगतो. सा पांढरी एक धरा.

आधी स्वरांची नावं

सा आणि प अचल. उरलेल्या दहा पट्ट्यांवर कर्नाटक पद्धती चौदा नावं बसवते, म्हणजे सा आणि प धरून बारा जागांना सोळा नावं. सारी गंमत या चार जादा नावांत आहे.

पूर्वांगातल्या, म्हणजे सा आणि मध्यम यांच्यामधल्या चार पट्ट्या घ्या: काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन. आपल्याकडे यांना कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग म्हणतात. तिकडे पहिल्या तीन पट्ट्या ऋषभाच्या आहेत आणि शेवटच्या तीन गांधाराच्या. मधल्या दोन पट्ट्या दोघांच्याही.

ऋषभाचे तीन प्रकार शुद्ध, चतुःश्रुति आणि षट्श्रुति. गांधाराचे तीन प्रकार शुद्ध, साधारण आणि अंतर. ही लांबलचक नावं तोंडात घोळवत हिशेब करता येत नाही, म्हणून तिकडे फार सोयीची बाराखडी वापरतात. ऋषभ खालून वर र, रि, रु. गांधार ग, गि, गु. मध्यम दोनच, म आणि मि. धैवत ध, धि, धु. निषाद न, नि, नु. स्वरचिन्ह अ, इ, उ असं चढत जातं तसा स्वर चढतो.

पट्ट्यांवर हे असं बसतं:

| पट्टी | आपलं नाव | कर्नाटक अक्षर |
|---|---|---|
| काळी १ | कोमल रे | र |
| पांढरी २ | शुद्ध रे | रि किंवा ग |
| काळी २ | कोमल ग | रु किंवा गि |
| पांढरी ३ | शुद्ध ग | गु |
| पांढरी ४ | शुद्ध म | म |
| काळी ३ | तीव्र म | मि |
| काळी ४ | कोमल ध | ध |
| पांढरी ६ | शुद्ध ध | धि किंवा न |
| काळी ५ | कोमल नी | धु किंवा नि |
| पांढरी ७ | शुद्ध नी | नु |

इथे मराठी वाचकाचा पाय हमखास घसरतो. कर्नाटक पद्धतीत 'शुद्ध' म्हणजे त्या स्वराची सगळ्यात खालची जागा. त्यांचा शुद्ध ऋषभ म्हणजे आपला कोमल रे. शुद्ध मध्यम तेवढा दोन्हीकडे सारखा. एखाद्या कर्नाटक पुस्तकात 'शुद्ध धैवत' दिसला की हात पांढरी सहाकडे न नेता काळी चारकडे न्यायचा.

चार पट्ट्यांतून दोन

मेळाची अट अशी की सातही स्वर हवेत, प्रत्येक स्वराचा एकच प्रकार हवा, आणि स्वर क्रमाने चढते हवेत. पूर्वांगाला ही अट लावली की सगळं प्रकरण चार पट्ट्यांतून दोन निवडण्यावर येतं. निवडलेल्या दोन पट्ट्यांपैकी खालची ती ऋषभ, वरची ती गांधार. चारांतून दोन निवडायचे प्रकार सहा:

रग, रगि, रगु, रिगि, रिगु, रुगु.

बाराखडीचा उपयोग इथे कळतो. तीन ऋषभ आणि तीन गांधार यांच्या जोड्या नऊ होतात, पण त्यातल्या तीन बाद. 'रिग'मध्ये दोन्ही नावं पांढरी दोनचीच. 'रुगि'मध्ये दोन्ही काळी दोनची. 'रुग'मध्ये तर गांधार ऋषभाच्या खाली जातो. म्हणजे नियम एवढाच, की गांधाराचं स्वरचिन्ह ऋषभाच्या स्वरचिन्हाहून खालचं नको. हा नियम लक्षात असला की सहा जोड्या पाठ करायची गरज नाही, जेव्हा हव्या तेव्हा क्रमाने लिहिता येतात. तो क्रम मात्र पक्का हवा, कारण पुढचे सगळे क्रमांक त्यावर उभे आहेत.

पंचमाच्या वर हेच पुन्हा घडतं: धन, धनि, धनु, धिनि, धिनु, धुनु. पुन्हा सहा. मध्यमाचे प्रकार दोन. सहा गुणिले सहा गुणिले दोन, बहात्तर.

तंजावरच्या नायक राजांच्या आश्रयाला असलेल्या व्यंकटमखीने सतराव्या शतकात 'चतुर्दंडीप्रकाशिका' या ग्रंथात हा हिशेब मांडला. त्याच्या आधी, १५५० मध्ये, विजयनगरच्या रामामात्याने 'स्वरमेळकलानिधी'त वीस मेळ दिले होते. पण ते त्या काळी गायल्या जाणाऱ्या रागांवरून गोळा केलेले. व्यंकटमखीने उलटं केलं. आधी शक्यता मोजल्या आणि मग त्यातल्या किती वापरात आहेत ते पाहिलं. वापरातल्या निघाल्या जेमतेम वीसच्या आसपास. तरीही त्याने बजावून ठेवलं की बहात्तराच्या संख्येत एकाने वाढ किंवा घट करणं त्रिनेत्र शंकरालाही जमायचं नाही. वर ठरवलेल्या अटी मान्य केल्या तर त्याचं म्हणणं गणिताने खरंच आहे.

क्रम कसा लावला

जुन्या रिक्षाच्या मीटरमध्ये आकड्यांची चाकं असत. उजवीकडचं भराभर फिरे, त्याचा फेरा पुरा झाला की शेजारचं एक घर सरके. मेळांचा क्रम अगदी तसा आहे. सगळ्यात जलद फिरतं ते उत्तरांग, म्हणजे ध-नीची जोडी. तिचे सहा प्रकार संपले की पूर्वांगाची जोडी एक घर पुढे जाते. पूर्वांगाच्या सहाही जोड्या संपल्या, म्हणजे छत्तीस मेळ झाले, की मध्यम बदलतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

एका पूर्वांगाखाली येणाऱ्या सहा मेळांच्या गटाला चक्र म्हणतात. चक्रं बारा. त्यांची नावं भूतसंख्येवरून आहेत, म्हणून नावातच क्रमांक सापडतो: इंदु एक, नेत्र दोन, अग्नि तीन, वेद चार, बाण मदनाचे पाच, ऋतु सहा, ऋषि सात, वसु आठ, ब्रह्म नऊ, दिशि दहा, रुद्र अकरा, आदित्य बारा. पहिली सहा शुद्ध मध्यमाची, पुढची सहा प्रति मध्यमाची, म्हणजे आपल्या तीव्र मध्यमाची.

याचा एक लगेच कामाला येणारा परिणाम असा, की कोणत्याही मेळात छत्तीस मिळवले की मध्यम तेवढा तीव्र होतो, बाकी काही बदलत नाही. २९ हा धीरशंकराभरण, म्हणजे आपला बिलावल थाट. ६५ हा मेचकल्याणी, म्हणजे आपला कल्याण. १५ आणि ५१ यांत भैरव आणि पूर्वी यांचं नातं दिसतं. हे वाजवून पाहा, कागदावर वाचण्यापेक्षा पटकन कळतं.

क्रमांकावरून स्वर

पंधरावा मेळ घेऊ. मायामालवगौळ. पुरंदरदासांनी नवशिक्यांचे धडे याच मेळात बांधले अशी परंपरा आहे, आणि आजही तिकडचं मूल पहिली सरळी याच स्वरांत म्हणतं.

पहिला प्रश्न, क्रमांक छत्तीसच्या आत आहे का? आहे. म्हणून मध्यम म. दुसरा प्रश्न, चक्र कोणतं? सहाच्या पाढ्यात पंधरा हे बारा आणि अठरा यांच्यामध्ये येतं, म्हणजे दोन चक्रं पुरी होऊन तिसरं चालू आहे. तिसरी जोडी रगु. तिसरा प्रश्न, चक्रात कितवा? पंधरातून बारा गेले तीन. उत्तरांगातली तिसरी जोडी धनु. जुळवा: सा र गु म प ध नु सां. पेटीवर पांढरी एक, काळी एक, पांढरी तीन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सात. हा आपला भैरव थाट.

छत्तीसच्या पुढचा एक करू. ५६. छत्तीस वजा केले, राहिले वीस, आणि मध्यम मि. वीस म्हणजे अठरा पुरे होऊन वर दोन. चौथं चक्र, दुसरा मेळ. रिगि आणि धनि. सा रि गि मि प ध नि. हा षण्मुखप्रिया. आसावरी थाटात मध्यम तेवढा तीव्र करा, तो हाच.

चूक होते ती सहाने पूर्ण भाग जाणाऱ्या क्रमांकांवर. ५४ मधून छत्तीस गेले, अठरा राहिले. अठराला सहाने भागून तीन आणि बाकी शून्य, म्हणून लोक चौथ्या चक्राचा शून्यावा असलं काहीतरी करून बसतात. अठरा हा तिसऱ्या चक्राचाच शेवटचा, सहावा मेळ आहे. रगु, धुनु. हा गोंधळ टाळायचा तर भागाकार करण्याआधी क्रमांकातून एक वजा करा, भागाकार आणि बाकी काढा, आणि मग दोन्हींत एकेक मिळवा. अठरातून एक गेला सतरा. सहाने भागून दोन, बाकी पाच. एकेक मिळवला: तिसरं चक्र, सहावा मेळ. संगणकाकडून हे करून घ्यायचं असेल तर हीच वाट धरावी लागते.

स्वरांवरून क्रमांक

उलट दिशेने जाताना मध्यमापासून सुरुवात करायची. मारवा थाट घेऊ: कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, पंचम, शुद्ध ध, शुद्ध नी. तीव्र मध्यम, म्हणून छत्तीस जमा. पूर्वांग रगु, तिसरी जोडी, म्हणजे त्याआधी दोन चक्रं पुरी झाली, आणखी बारा. उत्तरांग धिनु, पाचवी जोडी, पाच. छत्तीस अधिक बारा अधिक पाच, त्रेपन्न. गमनश्रम.

सरळ आहे. पण हे थाटांवर सरळ आहे, कारण थाटात पट्टीला एकच नाव असतं. खरी परीक्षा पुढच्या स्वरांवर: सा, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, पांढरी पाच, पांढरी सहा, काळी पाच. हिंदुस्थानी कानाला यात दोन गांधार ऐकू येतात आणि रे सापडत नाही, जोगची आठवणही येते. कर्नाटक पद्धतीत मात्र पहिली पट्टी ऋषभच मानायची, कारण दोन गांधार मेळाच्या अटीत बसत नाहीत. काळी दोन म्हणजे रु, पांढरी तीन म्हणजे गु. जोडी सहावी, म्हणून आधी पाच चक्रं, तीस. उत्तरांग धिनि, चौथी जोडी. चौतीस, वागधीश्वरी.

म्हणून पट्टीला नाव देताना एकट्या पट्टीकडे पाहून चालत नाही. आधी पूर्वांगात किती पट्ट्या वापरल्या ते मोजा. बरोबर दोन असतील तर खालची ऋषभ, वरची गांधार, मग ती कोणतीही असो. तीन पट्ट्या निघाल्या तर तो स्वरसमूह कोणताही एक मेळ नाही. पिलूचे सगळे स्वर एकत्र लिहून त्याचा क्रमांक शोधायला बसलात तर हेच होईल. ललितचंही तसंच: दोन मध्यम आणि पंचम नाही, त्यामुळे मेळाची चौकट त्याला सामावून घेत नाही. अशा वेळी हिशेब पुन्हा तपासत बसू नका, चौकटच तिथे लागू नाही.

नावातला क्रमांक

कनकांगी, रत्नांगी अशा नावांच्या यादीत एक चतुराई लपवली आहे. नावाच्या पहिल्या दोन अक्षरांत मेळाचा क्रमांक आहे, कटपयादि पद्धतीने. क पासून झ पर्यंत एक ते नऊ आणि ञ शून्य. ट पासून ध पर्यंत पुन्हा एक ते नऊ आणि न शून्य. प फ ब भ म म्हणजे एक ते पाच. य र ल व श ष स ह म्हणजे एक ते आठ. स्वरचिन्हं मोजायची नाहीत. दोन अक्षरांचे दोन अंक काढायचे आणि उलटे वाचायचे.

धीरशंकराभरण: ध नऊ, र दोन. उलटा वाचला की २९. खरहरप्रिया: ख दोन, र दोन, २२. हनुमतोडी: ह आठ, न शून्य, उलटं ०८. 'शंकराभरण' या जुन्या रागाच्या मागे 'धीर', 'कल्याणी'च्या मागे 'मेच', 'तोडी'च्या मागे 'हनुम' का चिकटलं, ते आता कळेल. क्रमांक जुळवण्यासाठी. रागाचं नाव घेताना लोक सर्रास शंकराभरण, कल्याणी, तोडी असंच म्हणतात.

आपल्याकडे छापताना एक घोटाळा वारंवार होतो. विसावा मेळ 'नटभैरवी' असा लिहिला तर न शून्य आणि ट एक, म्हणजे उत्तर १० येतं, आणि दहावा मेळ तर नाटकप्रिया आहे. मूळ नाव 'नठभैरवी', ठ म्हणजे दोन, तेव्हा २०.

जोडाक्षरांत सर्वसाधारण नियम असा, की शेवटचं व्यंजन धरायचं. रत्नांगीत र दोन, 'त्न'मधला न शून्य, ०२. सूर्यकांतमध्ये स सात, 'र्य'मधला य एक, १७. पण हा नियम सगळीकडे टिकत नाही. चक्रवाकमध्ये र धरला तर २६ येतं, आणि तो मेळ १६ आहे, म्हणजे तिथे क धरायचा. दिव्यमणि ४८ व्हायला 'व्य'मधला व लागतो. विश्वंभरी, श्यामलांगी, चित्रांबरी, ज्योतिस्वरूपिणी यांतही पहिलंच व्यंजन घेतलं आहे. सिंहेंद्रमध्यम ५७ आहे, आणि तो 'सिम्ह' असा उच्चारून अनुस्वाराचा म मोजला तरच जुळतो. माझं मत विचाराल तर कटपयादि हे ताळा करून पाहण्याचं साधन म्हणून वापरा. नावावरून क्रमांक काढा, क्रमांकावरून स्वर काढा, आणि ते ऐकलेल्या रागाशी जुळतात का पाहा. जोडाक्षर आलं की दोन्ही व्यंजनांनी करून पाहायचं, चुकीचं उत्तर लगेच उघडं पडतं.

बत्तीस आणि चाळीस

विष्णु नारायण भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेत गेले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले, आणि व्यंकटमखीच्या मेळांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. नंतर मराठीत लिहिलेल्या 'हिंदुस्थानी संगीतपद्धती'त त्यांनी उत्तरेचे राग दहा थाटांत मांडले. बहात्तर समोर असताना दहाच का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचं अर्धं उत्तर गणितातच आहे.

हिंदुस्थानी पद्धतीत पट्टीला दुसरं नाव नाही. रे दोन, ग दोन, म दोन, ध दोन, नी दोन. दोन गुणिले दोन असं पाच वेळा, म्हणजे बत्तीस. मेळांच्या भाषेत सांगायचं तर पूर्वांगाच्या सहा जोड्यांपैकी पहिली 'रग' आणि शेवटची 'रुगु' आपल्याला वापरताच येत नाहीत. मधल्या चार उरतात. उत्तरांगातही चार. चार गुणिले चार गुणिले दोन, बत्तीस. बाकीचे चाळीस मेळ ते विवादी मेळ.

विवादी मेळ क्रमांकावरून ओळखता येतो. पहिलं, सहावं, सातवं आणि बारावं ही चक्रं सबंध विवादी, कारण तिथे पूर्वांगच 'रग' किंवा 'रुगु' आहे. ते झाले चोवीस. उरलेल्या आठ चक्रांत पहिला आणि सहावा मेळ विवादी, कारण तिथे उत्तरांग 'धन' किंवा 'धुनु'. ते सोळा. बेरीज चाळीस.

हे मेळ गायला अवघड का, ते पेटीवर दिसतं. पहिला मेळ कनकांगी वाजवा: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, आणि तिथून थेट पांढरी चार. सा, र, ग अगदी खेटून, मग ग ते म एकदम मोठी उडी. पंचमानंतर पुन्हा तेच. गळ्याला इथे ग हा गांधार म्हणून पटवणं कठीण जातं, तो सारखा रे होऊ पाहतो. 'रुगु'मध्ये उलट होतं, सा पासून रु पर्यंत उडी आणि मग रु-गु खेटून. म्हणून अशा स्वरांच्या रागांत बहुधा वक्र चाल घेतात किंवा एखादा स्वर गाळतात. छत्तिसाव्या चलनाटचा जन्य असलेला नाट हा राग त्याचं उत्तम उदाहरण. त्यागराजांच्या पंचरत्न कृतींपैकी पहिली, 'जगदानंदकारक', याच रागात आहे. तिच्या अवरोहात धैवत आणि गांधार टाळून कसं खाली येतात ते ऐका, मग षट्श्रुति ऋषभ कानाला रे म्हणून पटायला लागतो.

सगळ्याच विवादी मेळांत राग आधी होते आणि चौकट मागून आली असं झालं नाही. अनेक घरं नुसती रिकामी होती आणि नंतर रचनाकारांनी ती भरली. कोटीश्वर अय्यर यांनी बहात्तरही मेळांत कृती केल्या, पुढे एम. बालमुरलीकृष्ण यांनीही. त्याही आधी महावैद्यनाथ अय्यरांनी बहात्तर मेळ ओवलेली रागमालिका बांधली. तिच्या जन्मकथेत तंजावरच्या मराठी दरबाराचा धागा आहे: दरबारातल्या लावणी वेंकटरावांनी बहात्तर मेळांवर रचना केली होती, तिला चाल अय्यरांनी लावली, आणि त्यानंतर देवाच्या स्तुतीची स्वतःची संस्कृत मेळरागमालिका केली.

मेळ सापडला, राग नव्हे

इथवर सगळं गणित होतं. राग समोर आला की गणिताची हद्द दिसू लागते, आणि ती कुठे आहे हे माहीत असलेलं बरं.

हंसध्वनि घ्या. रामस्वामी दीक्षितरांनी निर्माण केलेला, आपल्याकडेही चांगला रुळलेला राग. स्वर सा रि गु प नु. मध्यम आणि धैवत नाहीत. याचा मेळ कोणता? रिगु म्हणजे पाचवं किंवा अकरावं चक्र, कारण मध्यम माहीत नाही. उत्तरांगात नुसता नु आहे, आणि त्याच्याबरोबर ध, धि, धु तिन्ही चालतात, म्हणजे तिसरा, पाचवा किंवा सहावा. पाचव्या चक्रात २७, २९, ३०. अकराव्यात ६३, ६५, ६६. सहा मेळांत हा राग बसतो. परंपरा त्याला २९ खाली घालते. गणित सहापाशी थांबतं, त्यापुढचा निर्णय रागाच्या वागण्यावरून आणि रूढीवरून झालेला असतो. म्हणून एखाद्या पुस्तकात अशा औडव रागाचा मेळ वेगळा दिसला तर छपाईची चूक समजू नका.

दुसरी अडचण भाषांग रागांची, म्हणजे ज्यांत मेळाबाहेरचा स्वर येतो. कर्नाटक भैरवी विसाव्या मेळाखाली आहे, तिथे ध हवा. पण चढताना ती धि घेते आणि उतरताना ध. नुसत्या आरोहावरून हिशेब केलात तर धिनि धरून २२ येईल आणि खरहरप्रियाच्या घरात जाऊन बसाल. राग ओळखताना आरोह आणि अवरोह दोन्ही लिहून पाहायचे, आणि एकाच स्वराचे दोन प्रकार निघाले तर उपरा कोणता ते रागाच्या जाणकाराला विचारायचं.

या भैरवीचा आपल्या भैरवीशी संबंध नाही हेही इथेच सांगून टाकतो. आपल्या भैरवी थाटाचे स्वर आठव्या मेळाचे, म्हणजे हनुमतोडीचे. आणि आपल्या तोडी थाटाचे स्वर ४५ व्या शुभपंतुवराळीचे. नावावरून तुलना करू नका, आधी क्रमांक काढा. तरीही एक लक्षात ठेवा: तोडीचे स्वर पेटीवर भैरवीचे आले तरी कर्नाटक तोडी ऐकताना भैरवीची आठवण फारशी होत नाही, कारण तिचा गांधार जागेवर उभाच राहत नाही, तो गमकाने सतत हलतो. मेळ स्वराची जागा सांगतो, तिथे कसं जायचं ते नाही.

शेवटी याद्यांबद्दल. कनकांगी-रत्नांगीची जी यादी आज सर्रास दिसते ती गोविंदाचार्यांच्या 'संग्रहचूडामणी'तली, जिथे प्रत्येक मेळाचा आरोह-अवरोह सातही स्वरांचा आणि सरळ आहे. मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या घराण्यात दुसरी यादी चालते, कनकांबरीपासून सुरू होणारी, जिथे मेळाच्या प्रमुख रागात आरोह-अवरोह मिळून सात स्वर आले तरी पुरतं. क्रमांक आणि स्वर दोन्हींत तेच, नावं पुष्कळदा वेगळी: आठवा जनतोडी, विसावा नारीरीतिगौळ, अठ्ठाविसावा हरिकेदारगौळ, पासष्टावा शांतकल्याणी. बाविसाव्याला तिथे श्रीराग म्हणतात. कटपयादि इथेही लागू पडतं: जनतोडीत ज आठ, न शून्य. श्रीरागात 'श्री'चा र दोन, 'रा'चा र दोन. १९०४ साली प्रसिद्ध झालेली सुब्बराम दीक्षितरांची 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' उघडलीत तर मेळ या दुसऱ्या यादीने मिळतील. तिथे खरहरप्रिया शोधू नका, बाविसावं घर उघडा.